ग्रुप सोडून तीन महिने झाले तरी ४९९ कापलालेत, बंद करायचं बटणच नाही

कात्री_आणि_मशीन
नमस्कार मंडळी, सोलापुरातून लिहिते, विडी घरकुलकडं राहतो आम्ही. घरी दोन पॉवर मशीन आहेत, शाळेच्या गणवेशाचं जॉबवर्क करते. मागच्या वर्षी एका सरांच्या पैसे भरून घ्यायच्या टेलिग्राम ग्रुपला जॉईन झाले होते, पॅटर्न कटिंगचा. सर सोलापूरचे नाहीत. एकटेच सगळं चालवतात, दर रविवारी लाइव्ह, २२ नंबरपासून ४० नंबरपर्यंतचे पेपर पॅटर्न पीडीएफमध्ये, महिना ४९९. पहिले चार-पाच महिने खरंच चांगलं होतं, पिनाफोरचा घेर कसा काढायचा ते मी तिथंच नीट शिकले, खोटं का बोला. नंतर तेच तेच पीडीएफ परत यायला लागले. एप्रिलमध्ये सीझन सुरू झाला, रात्री बारा वाजेपर्यंत मशीनवर, म्हणून ग्रुपमधून एक्झिट मारली आणि विसरून गेले.

काल पासबुक भरून आणलं तर मे, जून, जुलै तिन्ही महिन्याच्या ५ तारखेला ४९९ गेलेत. म्हणजे १४९७ रुपये, माझ्या हिशोबानं शर्टाच्या एका डझनाची मजुरी पण एवढी होत नाही.

सरांच्या प्रोफाइलवर जॉईन व्हायची लिंक आहे, रिन्यू करायची लिंक आहे, वर्षाची एकदम भरायची पण लिंक आहे. बंद करायची लिंक कुठंच नाही. वेबसाइट नाही, ऑफिस नाही, मेसेज केला तर दोन निळ्या टिका आणि पुढं काही नाही. हे बंद कुठून करायचं?

पन्नास_पैसे
ताई टेलिग्राममध्ये ग्रुपच्या नावावर टॅप करा, वर तीन टिंब येतील, त्यात लीव्ह ग्रुप असतं बघा. झालं.

कात्री_आणि_मशीन
दादा ग्रुप सोडलाय हो मी, एप्रिलमध्येच. पैसे जायचे थांबत नाहीत.

पन्नास_पैसे
अच्छा अच्छा, मी फक्त हेडिंग वाचलं. सॉरी.

नवीपेठ_बाळूकाका
सोपंय. ४ तारखेला खात्यातले सगळे पैसे काढून घ्यायचे. बॅलन्सच नाही तर कापणार काय, डोंबल? दोन महिने फेल गेलं की आपोआप बंद पडतंय. नाहीतर सरळ ब्रँचला जाऊन स्टॉप पेमेंटचा अर्ज द्या, आम्ही चेकचं असंच करत होतो.

पासबुक_दादा
बाळूकाका अर्धं बरोबर आहे तुमचं पण ताईंना तसं करायला लावू नका. मी बँकेतच आहे, डिजिटलच्या तक्रारी माझ्याच टेबलावर येतात, दर आठवड्याला असं एकतरी प्रकरण येतं. पैसे कुठल्या रस्त्यानं जातायत त्यावर सगळं अवलंबून आहे. समजा हा नॅचचा, म्हणजे बँकेतनं परस्पर हप्ते कापायच्या सोयीचा मँडेट असला, मँडेट म्हणजे तुम्ही दिलेली कापायची परवानगी, आणि खातं रिकामं ठेवलं तर तो परत जातो आणि परत गेल्याचा दंड बँक ताईंनाच लावते, तो ४९९ च्या आसपास पण जाऊ शकतो. यूपीआयचा असला तर एकदा फेल गेल्यावर परत प्रयत्न होतो, तुम्ही ६ तारखेला पैसे टाकले आणि तेच कापले गेले असं होऊ शकतं. आणि मँडेट मरत नाही, तो तसाच जिवंत राहतो. स्टॉप पेमेंट हे चेकचं हत्यार आहे, इथं मँडेटच रद्द करायला लागतो.

ताई, पासबुकात त्या ४९९ च्या ओळीत काय छापलंय ते जसंच्या तसं सांगा. खाते नंबर वगैरे टाकू नका इथं. ओळीची सुरुवात यूपीआयनं होते का, एसीएच किंवा नॅच लिहिलंय, का डेबिट कार्डाचं काही आहे? प्रत्येक बँक वेगळं छापते पण सुरुवातीवरनं कळतं.

कात्री_आणि_मशीन
यूपीआय लिहिलंय, मग एक लांबलचक नंबर, मग सरांच्या नावाची अर्धी अक्षरं.

पासबुक_दादा
मग काम सोपं आहे, बँकेत यायची पण गरज नाही. तुम्ही पहिल्यांदा जॉईन होताना त्या लिंकवर यूपीआय पिन टाकला तेव्हा तुम्ही फक्त ४९९ दिले नाहीत, दर महिन्याला कापायची परवानगी दिली. यूपीआय ऑटोपे म्हणतात, जुलै २०२० पासून आहे हे. ती परवानगी सरांच्या टेलिग्रामवर नसतेच, ती तुमच्या बँकेकडं आणि तुमच्या यूपीआय अॅपमध्ये असते. म्हणून ग्रुप सोडून, सरांना ब्लॉक करून, चॅट डिलीट करून काही होत नाही. ग्रुप आणि पैसे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची एकमेकांशी ओळख पण नाही.

पण याचाच फायदा असा की बंद करायला सरांची परवानगी लागत नाही. ते बटण शोधताय ना तुम्ही सरांकडं, ते तुमच्याच फोनमध्ये आहे. यूपीआय अॅप उघडा, प्रोफाइलमध्ये जा, ऑटोपे किंवा मँडेट असं काहीतरी असेल. तिथं सरांचं नाव दिसेल, आत गेल्यावर खाली रद्द करायचा पर्याय. पिन टाकायचा, झालं. तिथं पॉज पण दिसेल, ते दाबू नका, पॉज म्हणजे थोड्या दिवसांची सुट्टी असते, मुदत संपली की परत सुरू.

कात्री_आणि_मशीन
बघितलं. ऑटोपेमध्ये गेले तर लिहून येतंय की काहीच नाही. रिकामं. मोबाइल रिचार्जचं पण नाही आणि सरांचं पण नाही. 😐

सायबर_योद्धा_४१३
मग हे सरळ सरळ फ्रॉड आहे!! यादीत नाही आणि पैसे जातात म्हणजे अकाउंट हॅक झालंय. ताबडतोब १९३० ला फोन लावा, खातं फ्रीझ करा, सिम बदला, फोन फॉरमॅट मारा.

पासबुक_दादा
योद्धे, दम खा की जरा. १९३० हा पैशाच्या सायबर फसवणुकीचा नंबर आहे, तिथं खरंच लुटलेले लोक लाइनमध्ये थांबलेले असतात. इथं परवानगी ताईंनीच दिलीय, स्वतःच्या पिननं. खातं फ्रीझ करून सीझनच्या मध्यात त्यांनी कापडवाल्याला पैसे कुठनं द्यायचे?

ताई एक आठवून बघा. मागच्या वर्षी जॉईन होताना हाच फोन होता का? हेच अॅप होतं का?

कात्री_आणि_मशीन
फोन जुना होता. नवीन दिवाळीला घेतला. अॅप… थांबा, हो, तेव्हा दुसरं अॅप होतं, निळं नव्हे दुसरं. नवीन फोनवर ते घेतलंच नाही कारण दीर म्हणाले हे चांगलंय, कॅशबॅक येतंय. सिम मात्र तेच आहे.

पासबुक_दादा
सापडलं. मँडेट तुमच्या त्या जुन्या अॅपच्या यूपीआय आयडीवर बांधलेला आहे. अॅप काढून टाकलं तरी आयडी आणि मँडेट दोन्ही बँकेत जिवंत असतात, तुम्ही घराची किल्ली हरवली म्हणून घर पडत नाही तसं. जुनं अॅप परत टाका, त्याच सिमनं रजिस्टर करा, तेच बँक खातं जोडा. जुना आयडी बहुतेक परत येईल आणि यादीत सर दिसतील.

चिंचपूर_एक्स्प्रेस
आता म्हणे कुठल्याही अॅपमध्ये सगळ्या अॅपचे ऑटोपे दिसणार असा नवीन नियम आलाय, आमच्या चुलत भावानं फॉरवर्ड टाकलं होतं.

पासबुक_दादा
येऊ दे, चांगलंच आहे. ताईंच्या अॅपमध्ये आज दिसत नाही हे त्यांनी सांगितलंच की. आजचा मार्ग जुनं अॅप.

हार्मोनियम_सुटे
माझं पण असंच आहे पण थोडं वेगळं, लिहू का? मी पंढरपूरचा. एका बुवांचा ऑनलाइन हार्मोनियमचा वर्ग, ३०० रुपये महिना, तेपण एकटेच चालवतात. मार्चमध्ये बुवा आजारी पडले, ऑपरेशन झालं, चार महिने एक व्हिडिओ नाही. पैसे मात्र दर महिन्याला बरोबर कापले जातात, कारण ते कापणारं मशीन, त्याला काय माहिती बुवा आयसीयूत आहेत. ग्रुपमध्ये कुणी काढत पण नाही विषय, सगळ्यांना वाटतं आजारी माणसाकडं ३०० रुपयासाठी काय बोलायचं. मी तर बंद पण केलं नाही अजून. वाटतं की माणूस बरा झाला की शिकवेल. पण बायको म्हणते की ही मदत आहे का फी आहे ते एकदा ठरव.

नवीपेठ_बाळूकाका
मदत करायची तर पाकिटात घालून दवाखान्यात द्या, तुमचं नाव तरी कळेल त्यांना.

हार्मोनियम_सुटे
ते पण बरोबर आहे काका.

वर्ग_चालवणारा
मी दुसऱ्या बाजूचा आहे म्हणून लिहितो, शिव्या घालू नका. स्पर्धा परीक्षेच्या गणिताचा छोटा ग्रुप मी एकटा चालवतो, १८० पोरं. पेमेंट गेटवे, म्हणजे आमच्यासाठी ऑनलाइन फी गोळा करणारी कंपनी, तिच्या डॅशबोर्डवर दोन प्रकारच्या लिंक बनतात. एक साधी पेमेंट लिंक, ती एकदाच पैसे घेते आणि संपते, पुढच्या महिन्यात पोरानं परत भरलं नाही तर काही कापलं जात नाही. दुसरी सबस्क्रिप्शनची लिंक, तीच ऑटोपे करून घेते. बाहेरनं बघणाऱ्याला दोन्ही सारख्याच दिसतात, व्हॉट्सअॅपवर आलेली एक निळी ओळ.

सबस्क्रिप्शनची लिंक बनवणं हे पाच मिनिटाचं काम आहे, कॅन्सलचं पान मात्र लिंकसोबत तयार मिळत नाही. ते पाहिजे असेल तर स्वतःची वेबसाइट करा, लॉगिन करा, गेटवेशी जोडा, एकट्या माणसाला ते जमत नाही किंवा करावंसं वाटत नाही. मग काय होतं, कॅन्सल फक्त माझ्या डॅशबोर्डवर राहतं. पोरगा मेसेज करतो, मी नाव शोधतो, बटण दाबतो. शंभर जणात दोघांचं दाबायचं राहतं. मी मुद्दाम करतो असं नाही पण सुरुवातीला मी पण कधी 'बंद कसं करायचं' हे लिहिलं नव्हतं, लिहावंसं वाटलंच नाही. खोटं कशाला बोलू.

आणि एक गंमत, ताईंनी एक्झिट मारली हे सरांना कळलं पण नसेल. टेलिग्राममधनं कोण गेलं याची माझ्याकडं यादी येत नाही, डॅशबोर्डवर पेमेंट आलं की हिरवं दिसतं एवढंच.

सायबर_योद्धा_४१३
म्हणजे चोर स्वतःच कबूल करतोय 😂

वर्ग_चालवणारा
चोर नाही रे बाबा, आळशी म्हण. मी आता साधी लिंक वापरतो, दर महिन्याला हातानं पाठवतो. पैसे कमी येतात, निम्मे लोक विसरतात. म्हणजे आधी ते विसरायचे आणि पैसे मला यायचे, आता विसरतात आणि येत नाहीत.

कात्री_आणि_मशीन
सापडलं!! जुनं अॅप टाकलं, बँकेचा मेसेज गेला-आला, आयडी तोच परत आला. ऑटोपेमध्ये सर बसलेले आहेत. पण आतलं वाचून डोकं फिरलं माझं. लिहिते बघा काय काय दिसतंय.

नाव सरांचं. वारंवारिता मासिक. तारीख ५. सुरुवात मागच्या सप्टेंबरची. शेवट २०३४ सप्टेंबर. आणि रक्कम ४९९ नाही, तिथं लिहिलंय 'जास्तीत जास्त ५०००'. हे ५००० काय भानगड? मी तर ४९९ ला हो म्हटलं होतं.

पासबुक_दादा
ही गोष्ट लोक बघतच नाहीत. मँडेटमध्ये रक्कम दोन प्रकारे टाकता येते, एकतर नेमकी किंवा वरची मर्यादा. तुमच्या सरांनी मर्यादा ठेवलीय. याचा अर्थ उद्या त्यांनी फी ७९९ केली तर तुमचा पिन परत न मागता ७९९ कापता येतात, ५००० पर्यंत. लगेच घाबरू नका, प्रत्येक वेळी कापायच्या किमान २४ तास आधी तुम्हाला सूचना यायला पाहिजे, किती कापणार आणि कधी, हा रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. बिनापिन कापायची पण एक हद्द आहे, साधारण वर्गणीला १५,००० पर्यंत, त्याच्या वर प्रत्येक वेळी पिन लागतो.

कात्री_आणि_मशीन
सूचना आली नाही ना पण मला. एकदा पण नाही.

पासबुक_दादा
आली असेल, जुन्या अॅपवर. ते फोनमध्ये नव्हतं. बँकेचा एसएमएस पण आला असेल, कर्ज घ्या आणि लॉटरी लागली याच्या मध्ये कुठंतरी. ४ मे, ४ जूनच्या आसपास बघा.

कात्री_आणि_मशीन
😔 आहे. ४ जूनचा आहे. इंग्लिशमध्ये, मी उघडला पण नव्हता. ३४०० मेसेज न वाचलेले आहेत माझ्याकडं.

बरं, रद्द केलं. पिन टाकला, लाल अक्षरात रद्द झालं असं आलं. स्क्रीनशॉट काढून ठेवला.

पासबुक_दादा
शाब्बास. त्या पानावर यूएमएन म्हणून एक लांब नंबर असतो, मध्ये @ असलेला, तो स्क्रीनशॉटमध्ये आलाय का बघा. पुढंमागं कापलं गेलं तर बँक आधी तोच मागते. आणि बाकीच्यांना सांगतो, ४ तारखेच्या रात्रीची वाट बघू नका, चार दिवस हातात ठेवून रद्द करा.

सात_रस्ता_सीए
उशिरा आलो. माझ्याकडं कार्डवाले येतात म्हणून तेवढं सांगतो. डेबिट-क्रेडिट कार्ड नंबर टाकून वर्गणी भरली असेल तर ती यूपीआय अॅपमध्ये दिसणार नाही. २०२१ च्या ऑक्टोबरपासून कार्डाचे असले मँडेट रद्द करायची सोय बँकेनं द्यायचीच आहे, नेटबँकिंगमध्ये कार्डाच्या भागात शोधा, नाहीतर २४ तास आधीच्या मेसेजमध्येच रद्दची लिंक असते. आणि परदेशी साइटवर डॉलरमध्ये भरलं असेल तर तो वेगळा खेळ, त्यात आता पडत नाही.

बोरामणी_बी
माझ्या मुलाच्या गेमचं पण कापलालेत, ॲप डिलीट केलं तरी, ते कसं बंद करू?

सात_रस्ता_सीए
गेम फोनच्या स्टोअरमधनं घेतला असेल तर स्टोअरच्या खात्यात सबस्क्रिप्शनची यादी असते, तिथं रद्द करा. तिथं बटण असतं तरी. या धाग्यातल्या माणसाकडं तेच नव्हतं.

कात्री_आणि_मशीन
आता माझा दुसरा प्रश्न. ते १४९७ परत मिळतील का?

नवीपेठ_बाळूकाका
का नाही मिळणार, तुम्ही ग्रुपमध्येच नव्हता तर फी कशाची?

वर्ग_चालवणारा
माझं मत वेगळं. ताईंनी सरांना कळवलंच नाही की मी बंद करतेय. शिकवणीला पोरगं येत नाही म्हणून मास्तर फी परत देतो का? जागा तर धरून ठेवलेली असते.

नवीपेठ_बाळूकाका
टेलिग्रामला कसली जागा बे, तिथं काय बाकडी आहेत काय?

सात_रस्ता_सीए
दोघांचं थोडं थोडं खरं आहे. ताई, एप्रिलमध्ये सरांना लेखी काही कळवलं होतं का? टेक्स्ट, तारीख दिसेल असं.

कात्री_आणि_मशीन
लेखी नाही. व्हॉइस नोट पाठवली होती व्हॉट्सअॅपवर, की सर आता सीझन आहे, मी थांबते. त्यावर सरांनी 'ओके ताई 🙏' टाकलं होतं. १२ एप्रिलचं आहे ते, आत्ताच बघितलं.

सात_रस्ता_सीए
अहो मग हे आधी सांगायचं ना! हीच तुमची केस आहे. तुम्ही सांगितलं, त्यांनी हो म्हटलं, तरी कापत राहिले. व्हॉइस नोट फोनमध्ये सेव्ह करून ठेवा आणि चॅटचा स्क्रीनशॉट घ्या ज्यात तारीख आणि सरांचा ओके एकाच पानावर दिसेल. मग सरांना एकच टेक्स्ट मेसेज करा, राग न काढता: १२ एप्रिलला मी थांबते म्हणून कळवलं, तुम्ही मान्य केलं, त्यानंतर ५ मे, ५ जून, ५ जुलै असे तीन वेळा ४९९ कापले गेले, एकूण १४९७ सात दिवसांत परत करावे. बास. उपदेश नको, धमकी नको.

नाही दिले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५, मराठीत पण बोलतात. केंद्रानं नोव्हेंबर २०२३ मध्ये डार्क पॅटर्नची, म्हणजे गिऱ्हाइकाला अडकवायच्या ऑनलाइन युक्त्यांची मार्गदर्शक तत्त्वं काढलीत, १३ प्रकार आहेत त्यात, त्यातला एक सबस्क्रिप्शन ट्रॅप, म्हणजे आत यायला सोपं आणि बाहेर पडायला अवघड किंवा अशक्य करून ठेवणं. तक्रारीत हाच शब्द वापरा. एकटा माणूस आहे म्हणून सुटत नाही, दर महिन्याला फी घेऊन नियमित चालवतोय म्हणजे तो धंदाच झाला.

हेल्पलाइन मध्यस्थी करते, हुकूम देत नाही हे पण लक्षात असू द्या. त्यापुढं जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानं तुम्ही राहता तिथं तक्रार करता येते, म्हणजे सर कुठले का असेनात, केस सोलापुरात. पाच लाखाच्या आतल्या व्यवहाराला फी पण नाही. पण १४९७ साठी तारखा घालायच्या का हे तुमचं तुम्ही बघा, मी असतो तर नसतो गेलो.

हार्मोनियम_सुटे
माझ्या बुवांना पण ट्रॅप लागू होतो का हो? म्हणजे विचारतोय फक्त. करणार नाही काही.

सात_रस्ता_सीए
तुम्हाला बंद करायचं असेल तर यूपीआयमधनं बंद करा, बुवांना कळणार पण नाही. ट्रॅप-बिप सोडा.

कात्री_आणि_मशीन
अपडेट. मेसेज केला होता तसा. सात दिवस झाले, उत्तर नाही. आठव्या दिवशी सरांनी ९९८ पाठवले यूपीआयनं. सोबत काही लिहिलं नाही. मेचे का नाही दिले कुणाला माहिती. बहुतेक त्यांच्या मते मे महिना अर्धा माझा होता. मी सोडून दिलं ते.

वर्ग_चालवणारा
दोन महिने परत दिले म्हणजे माणूस वाईट नाही ताई. मी पण असंच केलं असतं बहुतेक.

नवीपेठ_बाळूकाका
तू गप.

कात्री_आणि_मशीन
आज ५ ऑगस्ट. पहाटेपासून तीनदा बॅलन्स बघितला, कापलं नाही. पण साडेअकराला सरांचा मेसेज आला, तोच सगळ्यांना जाणारा वाटतोय: 'प्रिय सदस्य आपले पेमेंट अयशस्वी झाले आहे, कृपया खालील लिंकवरून ४९९ भरून सदस्यत्व सुरू ठेवा.' मी लिंक उघडली नुसतं बघायला. पिन टाकायच्या पानापर्यंत गेले. वर मोठ्या अक्षरात ४९९. खाली बारीक अक्षरात, मासिक, २०३५ पर्यंत, जास्तीत जास्त ५०००.

पासबुक_दादा
पिन टाकला नाही ना?

कात्री_आणि_मशीन
नाही हो दादा. मागे आले. सासूबाईंना दाखवलं ते पान, त्या चष्मा लावून वाचत बसल्या आणि म्हणाल्या २०३५ ला तर मी असेन का नाही, आणि हा कापणार कुणाचे.

पन्नास_पैसे
ताई त्या पिनाफोरच्या घेराचं मला पण सांगा ना, आमच्या मिसेसला पाहिजे. फुकट चालेल का 🙏